पेपर मांडणी (ब्लाऊज कटिंग)

पेपर मांडणी म्हणजे कागदावर कापून ठेवलेले ब्लाऊजचे भाग (पाठ, पुढचा भाग, बाही, पट्ट्या) कापडावर कुठे, कुठल्या दिशेने आणि कुठल्या क्रमाने ठेवायचे ते. टेलरकडे याला कोणी मांडणी वगैरे म्हणत नाही, "पेपर लावणे" म्हणतात. ड्राफ्टिंग शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत पण पेपर लावायला तिथे जेमतेम एक दिवस देतात, आणि माझ्या मते कापड वाया जातं ते इथेच. छापील पेपर पॅटर्न मापावार विकायची सुरुवात १८६३ मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिक या टेलरने केली, तसल्या पाकिटात पेपर कसे लावायचे त्याचं चित्रही येतं. आपल्याकडे घरी शिवणाऱ्या बाईच्या पेपरवर असतात तिच्या स्वतःच्या खुणा, आणि त्या तिलाच कळतात.

ही नोंद लिहिणारी टेलरचीच मुलगी आहे त्यामुळे उदाहरण घरचंच घेते. आईच्या उजव्या मनगटाला प्लास्टर, ऐन लग्नसराई, आणि एका वहिनींचा काठपदराच्या साडीतला ब्लाऊज कापायचा राहिलेला. मला मशीन चालवता येत होती, हुक-काजं तर शाळेपासून करत होते, पण कात्री आईने कधी हातात दिली नव्हती. खिळ्याला टांगलेला ३६ छातीचा पेपरांचा जुडगा तिने मला काढायला लावला आणि म्हणाली, "कागदावर सगळं लिहिलंय, वाच." लिहिलेलं काय होतं तर प्रत्येक कागदावर एक आकडा, एक बाण, बाहीच्या खालच्या कडेला "का" आणि पाठीच्या एका कडेला नागमोडी रेघ. बस्स.

नागमोडी रेघ लगेच कळली, ती दुमडीची बाजू. पाठ मधोमध जोड न देता अखंड हवी म्हणून अर्धाच पेपर करतात आणि ती कड कापडाच्या दुमडीवर ठेवतात. "का" म्हणजे काठ. आकड्यांनी मात्र डोकं खाल्लं, कारण १ नंबर बाहीवर होता. क्लासला जाणारी माझी मैत्रीण पाठ आधी लावते, सगळेच पाठ आधी लावतात, मला वाटलं आईने सहज कुठून तरी सुरुवात केली असेल. बाण तर त्याहून विचित्र, पाठीवर आणि पुढच्या भागावर उभा, खांद्याकडून कमरेकडे, आणि बाहीवर आडवा! मी सरळ म्हटलं, "आई, हा चुकलाय." ती म्हणाली, "आधी पेपरातच कापून बघ, मग बोल."

म्हणून मग वर्तमानपत्रं चिकटवून ब्लाऊजपीसएवढा तुकडा केला. साडीतला ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पन्हा ४४ इंच. काठ पन्ह्याच्या दोन्ही टोकांना, त्या साडेएकतीस इंचांच्या बाजूने धावतात, एक मोठा एक लहान. स्केचपेनने मी ४ इंची आणि दीड इंची असे काठ आखून घेतले.

पहिला प्रयत्न क्लासच्या पद्धतीने. काठावर काठ ठेवून घडी, दुमडीला पाठ, तिच्याखाली पुढचा भाग, आणि उरलेल्या काठाच्या बाजूला बाही ठेवून दोन्ही थर एकदम कापले. उघडून बघते तर एका बाहीला मोठा काठ आणि दुसरीला लहान! घडीतच मोठ्यावर लहान काठ आला होता ना. मोठ्या काठाचा अर्धा भाग अजून शिल्लक होता, त्यातून दुसरी बाही एकेरी कापली, तर ती पहिलीसारखीच निघाली, दोन्ही डाव्या हाताच्या. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, पुढे जास्त खोल असतो, मागे कमी, त्यामुळे एकेरी कापताना पेपर उलटा करून ठेवावा लागतो आणि ते मी विसरले. आईच्या पेपरला मुंढ्याच्या पुढच्या बाजूला एक बारीक कट आहे आणि मागच्या बाजूला दोन, ते यासाठीच, पण मला वाटलं होतं कागद फाटलाय.

आईची रीत अशी. पहिली घडी काठावर काठ नाही तर कापलेलं टोक कापलेल्या टोकावर, सुलट बाजू आत. आता मोठा काठ मोठ्या काठावरच येतो आणि घडीची रुंदी पावणेसोळा इंच. ३६ छातीची बाही माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड, धरून १५ इंच रुंद, म्हणजे काठावर ती जेमतेम पाऊण इंच सोडून बसते. दोन थर एकमेकांवर उलटे असल्यामुळे एक बाही डावी आणि एक उजवी आपोआप निघते, पेपर उलटायचा प्रश्नच नाही. बाहीला १ नंबर का, तर पाठ कुठेही सरकवता येते पण बाहीला काठ सोडून जागाच नाही.

बाणाचं कोडंही तिथेच सुटलं. बाण म्हणजे उभा धागा, आणि उभा धागा नेहमी काठाला समांतर असतो. बाहीची खालची कड काठावर ठेवली की बाहीवरचा आडवा बाण बरोबर काठाच्या दिशेने जातो. म्हणजे प्रत्येक बाण कागदावर कसाही असो, कापडावर सगळे बाण एकाच दिशेला यायला हवेत, एवढंच ते वाचायचं. काठ नसलेला तुकडा असेल तर दोन्ही बाजूंनी हलकं ओढून बघायचं, उभा धागा जवळजवळ देत नाही, आडवा थोडा देतो, आणि तिरकं म्हणजे उरेब ओढलं तर सगळ्यात जास्त. काठाच्या बाहीत दंडाचा घेर उभ्या धाग्यावर येतो, तो देत नाही, म्हणून आई अशा बाहीला घेरात अर्धा इंच जास्तच धरते, आणि वरच्या १५ इंचांत तो धरलेला आहे. साध्या कापडाच्या बाहीचा पेपर तिने वेगळाच ठेवलाय, त्यावर बाण उभा आहे.

बाह्या कापल्या (६ इंची बाहीला मायेसकट उंची साडेसात) की पन्ह्यातले साडेछत्तीस इंच उरतात. मग घडी मोडायची आणि दुसरी घडी घालायची, या वेळी काठाला समांतर, म्हणजे रुंदी सव्वाअठरा. दुमडीला २ नंबर, पाठ, मायेसकट साडेदहा रुंद आणि १५ लांब. तिच्याखाली ३ नंबर, पुढचा भाग, टक्समुळे म्हणजे आकारासाठी घालायच्या चुण्यांमुळे १२ रुंद, लांबी तेवढीच. दोन्ही मिळून ३० इंच लांबी होते आणि कापड साडेएकतीस, म्हणजे दीड इंचाचा खेळ. पुढच्या भागाखालची दुमड नंतर कात्रीने उघडायची कारण हुक तिथेच लागतात. बाजूला उरलेल्या पट्टीतून ४ नंबर हुकपट्ट्या आणि ५ नंबर गळ्याची उरेब पट्टी. पहिल्या प्रयत्नात बाहीचा एक तुकडा वाया घालवल्यामुळे या उरेब पट्टीलाच कापड उरलं नव्हतं.

धागा तिरका गेला तर ते कापताना कळत नाही ही खरी अडचण. दोन-तीन धुण्यांनंतर बगलेची शिवण हळूहळू पोटाकडे वळायला लागते, किंवा गळ्याची एक बाजू चिकटून बसते आणि दुसरी उघडी पडते. गिऱ्हाईक म्हणतं "फिटिंग चुकलं" आणि टेलर टक्स उसवत बसतो, पण दोष टक्समध्ये नसतोच. खात्री करायची असेल तर ब्लाऊज उलटा करून पाठीच्या मध्यावर एक धागा डोळ्याने खाली पर्यंत धरत जायचा, तो बाजूला सरकत गेला तर पेपर वाकडा लागला होता असं समजायचं. त्यावर उपाय काही नाही.

आणखी एक गोष्ट पेपर लावायच्या आधी बघायची, ती म्हणजे पेपर मायेसकट आहे की नेट मापाचा. आईचे सगळे मायेसकट, पण विकत मिळणारे किंवा दुसऱ्याकडून आणलेले कधी नेट असतात, आणि वर लिहिलेलं नसतं. पाठीची छातीपाशी रुंदी मोजायची, ३६ ला जर ९ भरली तर नेट, साडेदहाच्या आसपास भरली तर माया धरलेली आहे. नेट पेपर तसाच कापला तर सगळ्या बाजूंनी दीड-दीड इंच जातो आणि तो ब्लाऊज मग कोणाच्या तरी शाळकरी मुलीला बसतो.

आईची ही मांडणी सगळीकडे चालत नाही हेही सांगायला हवं. कापडावर मोर किंवा पोपटाची बुट्टी असेल तर साडीत ती काठावर पाय ठेवून उभी असते, आणि अंग उभ्या धाग्यावर कापलं तर पाठीवर सगळे मोर आडवे झोपतात. तिथे आई बाण सोडून देते. पहिली घडी मोडतच नाही, बाहीच्या वर त्याच घडीत पाठ आणि पुढचा भाग कमरेची बाजू काठाकडे करून लावते, साडेछत्तीसमध्ये १५ आणि १५ आरामात बसतात. धागा आडवा जातो खरा, पण आतलं सुती अस्तर उभ्यावर कापलेलं असतं आणि ते आकार धरून ठेवतं. अस्तर मात्र आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगतं.

मोठ्या मापाला अडचण काठाचीच. ४० छातीला बाही साधारण साडेसोळा रुंद होते, दोन बाह्यांना ३३ इंच काठ हवा आणि आहे साडेएकतीस. मग पेपर घडीच्या बाहेर जातो तसा जाऊ द्यायचा, प्रत्येक बाहीला पाऊण इंच कापड कमी पडतं, जोडाची शिवण धरून सव्वा-दीड इंचाचा तुकडा लागतो. तो उरलेल्या लहान काठाच्या बाजूने काढून बाहीच्या मागच्या बाजूला, म्हणजे दोन कट असलेल्या बाजूला, बगलेत जोडायचा. वहिनींचं माप ३६ च होतं त्यामुळे मला जोड लागला नाही, पण त्याच आठवड्यात दुसरा ४० चा आला आणि तिथे मी जोड पुढच्या बाजूला दिला, हात वर केला की दिसतो. आईने डाव्या हाताने तो उसवला आणि मला परत लावायला दिला.