टेबल ७५ सेंटीमीटर, कोपर ६१

"सर, काही महिन्यांपासून उजवा हात फार दुखतो. कृपया चांगली खुर्ची मिळावी, ही विनंती."

नागपुरात इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीवर दिवसभर टॅलीत व्हाउचर भरणाऱ्या बाईंचा हा पहिला अर्ज. असा अर्ज पडून राहतो आणि त्यात मॅनेजरचा फारसा दोषही नसतो. हात दुखतो म्हटल्यावर तो हळहळेल, पण सुताराला बोलावून नेमकं काय सांगायचं हे त्याला त्यातून कळत नाही. शिवाय नवी खुर्ची आली असती तरी दुखणं थांबलं नसतं. दुसरा अर्ज बाईंनी टेप घेऊन, मोजून लिहिला. त्यातल्या मागण्यांमागे हाताच्या रचनेतलीच कारणं आहेत, म्हणून तो तुकड्यातुकड्याने पाहू.

"दुखणं मनगटाच्या वरच्या अंगाला आणि कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला आहे. दुपारनंतर वाढतं, रविवारी बरंच कमी होतं. बोटांना मुंग्या येत नाहीत, रात्री झोपमोड होत नाही."

ही तीन वाक्यं मोलाची आहेत. बोटं हलवणारे बहुतेक मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं टेबलावर वाजवा, कातडीखाली हालचाल जाणवेल. मनगटातून जातात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा. टाइप करताना बोट खाली दाबायला फार थोडा वेळ लागतो. उरलेला सगळा वेळ पंजा आणि बोटं कळांच्या वर उचलून धरावी लागतात. हे उचलून धरणं वरच्या बाजूच्या स्नायूंचं काम. भरलेली पिशवी हातात घेऊन नुसतं उभं राहिलं तरी हात भरून येतो, तसंच हे. आकसलेला स्नायू सैल होतच नाही, मग त्यातलं रक्त नीट खेळत नाही आणि दुपारपर्यंत ठणका सुरू होतो.

मुंग्या नाहीत, हे लिहिणंही तितकंच गरजेचं. मनगटाच्या तळव्याकडच्या अंगाला एक अरुंद बोगदा आहे. त्यातून ९ कंडरा आणि एक नस जाते. ती नस दाबली गेली की अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी मात्र सुटते. माणूस रात्री हात झटकत उठतो. असं असेल तर आधी डॉक्टर, मग सुतार. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण यांतही हा त्रास होतो, आणि तो टेबल बदलून जात नाही.

"माझ्या टेबलाची उंची ७५ सेंटीमीटर आहे. पाय जमिनीवर टेकवून, खांदे सैल सोडून बसल्यावर माझं कोपर जमिनीपासून ६१ सेंटीमीटरवर येतं. कीबोर्ड धरून कळा ७८ वर जातात."

म्हणजे १७ सेंटीमीटरचा फरक, आणि अर्जाचा सगळा जीव या आकड्यात आहे. कळा साधारण कोपराच्या उंचीवर असल्या की हात आडवा आणि मनगट सरळ राहतं. बाजारातली टेबलं ७५च्या आसपास येतात. बाईंची उंची ५ फूट, त्यांना ते टेबल छातीशी लागतं. मग खांदे उचलायचे, नाहीतर कोपर खाली ठेवून मनगट मागे वाकवायचं. कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय उघडले, तर मनगट आणखीच मागे जातं. ते पाय मिटून ठेवायला पैसे लागत नाहीत, ते आजच करावं.

खुर्ची वर घेऊन पाहिली होती का? घेतली होती, १० सेंटीमीटर, खाली उशीही लावून. पाय लोंबकळू लागले, मांडीखाली खुर्चीची कड रुतू लागली, आणि तरी ७ सेंटीमीटर कमीच पडले. म्हणून मागणी अशी:

"टेबलाखालचा मधला कप्पा काढून तिथे ६२ सेंटीमीटर उंचीवर सरकता ट्रे बसवावा. ट्रे निदान ७० सेंटीमीटर रुंद असावा. खुर्ची ४ सेंटीमीटर वर घेऊन पायाखाली तेवढ्याच उंचीची फळी द्यावी."

हिशेब सरळ आहे. खुर्ची ४ने वर गेली की कोपर ६५वर येतं. ६२च्या ट्रेवर ३ सेंटीमीटरचा कीबोर्ड ठेवला की कळाही ६५वर. कप्पा काढायचा, कारण तो राहिला तर ट्रे खाली लावावा लागतो आणि मांड्यांना अडतो. रुंदीचा आग्रह अशासाठी की तयार ट्रेवर फक्त कीबोर्ड मावतो, माउस वर टेबलावरच राहतो. मग एक हात खाली आणि एक वर, असं अर्धवट काम होतं.

"माउस डाव्या हाताने वापरायची सवय करीन. त्याची तार लांब असावी."

ही मागणी मला सगळ्यात हुशारीची वाटते. पूर्ण कीबोर्ड साधारण ४५ सेंटीमीटर रुंद असतो. उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीमुळे माउस दूर जातो आणि हात बाहेर फाकवून धरावा लागतो. आकड्यांशिवायचा छोटा कीबोर्ड घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. पण दिवसभर रकमा भरणाऱ्याला तो काय कामाचा? डावीकडे ती पट्टी नाही, म्हणून तिथे माउस जवळच राहतो आणि उजव्या हाताचा भारही हलका होतो. टॅलीत तसाही माउस कमी लागतो. F5 दाबून पेमेंट, F8 दाबून विक्रीचं व्हाउचर उघडतं. माउस लागतो तो जीएसटी पोर्टलवर. सवय मात्र हळूहळू करावी, पहिल्या आठवड्यात दिवसाला तासभर पुरे. नाहीतर डावाही हात दुखायला लागायचा.

बाईंनी मनगटाखालची जेलची उशी मागितली नाही, ते बरं केलं. टाइप करताना तिच्यावर मनगट टेकवलं तर भार थेट त्या बोगद्यावर पडतो. हात थांबलेला असतानाच तिचा उपयोग.

"दर तासाला ५ मिनिटं कीबोर्डपासून उठून फाइली लावणे, बिलं जुळवणे अशी कामं करू द्यावीत."

मॅनेजरची भुवई इथे वर जाणार. अमेरिकेत डेटा एन्ट्री करणाऱ्यांवर याच मुद्द्याची पाहणी झाली आणि ती २००० साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या सुट्यांखेरीज ५-५ मिनिटांच्या जादा विश्रांती दिल्या, तेव्हा हाताचा त्रास कमी झाला आणि भरलेल्या नोंदी घटल्या नाहीत. बाईंनी तर विश्रांतीही मागितलेली नाही, काम बदलून मागितलं आहे. नुसतं टेबल नीट करून दुखणं नक्की जाईल, असं संशोधन ठामपणे सांगत नाही. उंची कितीही अचूक असली तरी सलग चार तास उचलून धरलेला स्नायू दमणारच.

"हा बदल सहा आठवडे करून पाहावा. मी रोज सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी निघताना दुखण्याला ० ते १० मधला आकडा वहीत लिहीन. सकाळ-संध्याकाळचा फरक कमी झाला नाही, किंवा मधेच मुंग्या आल्या, पकड सैल झाली, तर मी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून तुम्हाला कळवीन. ट्रे बसवायच्या आधी एकदा तुमच्यासमोर माप घ्यावं. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते."