हॉटस्पॉटवरचा गेम नेमका कुठे अडकतो?

राजारामपुरीत ताईकडे गेलो होतो. भाचा तिच्या फोनचा हॉटस्पॉट प्लेस्टेशनला जोडून ऑनलाइन फुटबॉल खेळत होता. "मामा, परत अडकलं बघ की! बटण दाबलं की अर्ध्या सेकंदानं पास जातोय." स्पीड टेस्ट केली, तर डाउनलोड ६० एमबीपीएस. मग अडत कुठे होतं?

खेळताना लागणारा डेटा अगदी थोडा असतो, सेकंदाला काहीशे किलोबिट पुरतात. महत्त्वाचा असतो पिंग, म्हणजे डेटाचं एक छोटं पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. त्याच हॉटस्पॉटवर विंडोजचा लॅपटॉप जोडला आणि ही आज्ञा दिली:

```
ping -n 50 8.8.8.8
```

आकडे ५०० मिलिसेकंदांच्या आसपास होते. ताईचा फोन पाहिला, तर आदल्या दिवशीच्या लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढत होते. बॅकअप थांबवला आणि काही सेकंदांत पिंग ४८ वर आला.

हंगामात कारखान्याच्या काट्यासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. त्या रांगेत एखादा डबा घेऊन आलेला मोटरसायकलवाला अडकला, तर त्यालाही सगळ्या ट्रॉल्या पुढे सरकेपर्यंत थांबावं लागतं. फोनच्या मोडेममध्येही बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची अशीच रांग असते, तिला बफर म्हणतात. अपलोड करणारं ॲप पॅकेट गळायला लागेपर्यंत वेग वाढवत राहतं. बफर मोठा असेल तर पॅकेट लवकर गळत नाहीत, नुसती रांग वाढते. ताईकडे अपलोड ४ एमबीपीएस होता. रांगेत २ मेगाबिट, म्हणजे २५० किलोबाइट साचले, तर ते बाहेर पडायला अर्धा सेकंद हवा. भाच्याचं इवलंसं पॅकेट त्यांच्या मागे! डाउनलोडचा आकडा कितीही मोठा असला तरी ही रांग त्यात दिसत नाही.

म्हणून खेळण्याआधी हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवरचा फोटो बॅकअप आणि ॲपचे अपडेट बंद करावेत. कन्सोलवरचं डाउनलोडही थांबवावं, कारण तिकडून येणाऱ्या पॅकेटांचीही टॉवरपाशी रांग लागते.

दुसरी गोष्ट वायफायच्या बँडची. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे राउटर असतात, ब्लूटूथचा कंट्रोलरही तिथेच बोलतो. कन्सोलला ५ गिगाहर्ट्झ चालत असेल तर हॉटस्पॉट त्यावर ठेवावा. आयफोनवर त्यासाठी `Maximize Compatibility` बंद करायचं. हा बँड भिंतींतून कमी जातो, त्यामुळे फोन कन्सोलच्याच खोलीत हवा. आम्ही तो खिडकीत ठेवला, म्हणजे टॉवरचा सिग्नलही बरा मिळतो.

सगळं बंद करूनही संध्याकाळी पिंग वर-खाली होत राहिला, तर गर्दी बहुतेक टॉवरवर आहे. ती फोनच्या सेटिंगनं हटत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून तीच आज्ञा पुन्हा चालवून बघायची.