चहातून द्यायची गोळी नव्हे: डायसल्फिराम कुठून आलं, काय करतं

दारूपायी टेकीला आलेल्या घरातली माणसं कोल्हापुरात डॉक्टरांना हमखास एक गोष्ट विचारतात: चहातून नकळत देता येईल अशी गोळी आहे का? त्यांच्या मनात असते ती गोळी बहुतेक वेळा डायसल्फिराम. ती नकळत का देऊ नये, याचं उत्तर तिच्या इतिहासातच सापडतं.

हे रसायन मुळात दारूसाठी बनलंच नव्हतं. 1881 मध्ये जर्मनीत ते प्रथम तयार झालं आणि पुढे रबर उद्योगात गेलं. रबर गंधकाबरोबर तापवून टणक करतात, ती क्रिया लवकर व्हावी म्हणून या कुळातली रसायनं वापरली जात. 1937 मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्याचे डॉक्टर ई. ई. विल्यम्स यांनी लिहिलं, की अशा रसायनांत काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली आहे. थोडी बिअर घेतली तरी चेहरा लाल होतो आणि छाती धडधडते. यातून दारू सोडवण्याचा उपाय निघेल का, असंही त्यांनी विचारलं होतं. पण त्यांची नोंद तशीच पडून राहिली.

काही वर्षांनी कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हेच रसायन पोटातल्या जंतांवर चालतं का, ते तपासत होते. माणसाला झेपेल का हे पाहायला दोघांनी ते स्वतः घेतलं. एरवी काहीच त्रास नव्हता, मात्र दारू घेतली की दोघांनाही अस्वस्थ वाटायचं. दोघांनी आपापले अनुभव ताडून पाहिले तेव्हा गोळी आणि दारू यांचा संबंध लक्षात आला. पुढच्या तपासात रक्तातलं ॲसिटाल्डिहाइड वाढलेलं आढळलं. 1948 मध्ये ओलुफ मार्टेन्सेन-लार्सेन यांनी रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले आणि ‘ॲण्टाब्यूज’ या नावाने औषध जगभर पोचलं.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. यकृत दारू दोन टप्प्यांत मोडतं. पहिल्या टप्प्यात तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं, आणि ते विषारी असतं. दुसऱ्या टप्प्यात ॲल्डिहाइड डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. डायसल्फिरामपासून शरीरात तयार होणारे पदार्थ या एन्झाइमला त्याच्या कामाच्या जागीच चिकटतात आणि सुटत नाहीत. म्हणजे पहिला टप्पा चालू आणि दुसरा बंद, त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड नेहमीच्या पाच-दहा पट साचतं. बाद झालेलं एन्झाइम पुन्हा कामाला येत नाही, शरीराला नवं तयार करावं लागतं. म्हणूनच गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूचा त्रास होऊ शकतो.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारा एक माणूस डोळ्यांपुढे आणा. बायको रोज सकाळी त्याच्या चहात 250 मिलिग्रॅमची गोळी विरघळवते आणि त्याला त्याचा पत्ता नाही. शनिवारी पगार झाल्यावर तो क्वार्टर घेतो. दहा-पंधरा मिनिटांत चेहरा आणि मान तापते, डोकं ठणकतं, घाम फुटतो, उलटी होते, रक्तदाब उतरतो. सोबतचे म्हणतात, रस्सा बाधला. त्याला वाटतं माल खराब होता, म्हणून पुढच्या वेळी तो दुसऱ्या दुकानातून घेतो. गोळीचा परिणाम व्हायला भीती हवी आणि भीतीसाठी माहिती हवी. इथे माहितीच नाही, मग उरतो तो नुसता धोका. त्याला दवाखान्यात नेलं तरी बायको घाबरून गोळीचं सांगत नाही, आणि डॉक्टर हृदयविकार की विषबाधा या पेचात पडतात. खरं तर गोळी घेतल्याचं कळणं हेच इथलं निम्मं निदान असतं. पुढचे उपचार म्हणजे आडवं झोपवून पाय वर करणं, सलाइन, ऑक्सिजन आणि ईसीजीवर लक्ष.

सुरुवातीच्या काळात डोसही भलते मोठे होते, आणि दवाखान्यात रुग्णाला मुद्दाम थोडी दारू पाजून रिॲक्शन दाखवली जाई. त्यात काही रुग्ण दगावले. मग डोस खाली आला आणि ती पाजून दाखवण्याची पद्धतही बाजूला पडली. आता साधारण 250 मिलिग्रॅम रोज देतात, तेही शेवटच्या पेल्यानंतर किमान 12 तासांनी, आणि रुग्णाची संमती घेऊनच. हृदयविकार, मनोविकार किंवा बिघडलेलं यकृत असेल तर सहसा देत नाहीत. क्वचित हे औषध स्वतःच यकृताला सूज आणतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. गडद लघवी, डोळे पिवळे, भूक मेलेली दिसली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायला हवं.

मला यातला सगळ्यात कामाचा भाग वाटतो तो देखरेखीचा. डायसल्फिराम दारूची ओढ कमी करत नाही, गोळी चुकवली की काही दिवसांत धाक संपतो. त्यामुळे घरच्या कुणाच्या देखत, रुग्णाने स्वतःच्या हाताने घेतली तरच तिचा फायदा दिसतो. बायकोने तीच गोळी, तोच चहा समोर ठेवावा, पण नवऱ्याला सांगून. आणि त्यालाही ठाऊक हवं, की खोकल्याच्या काही औषधांत आणि माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं, आणि जुलाबावर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल या गोळीबरोबर घेतलं तर भ्रम होऊ शकतो. दवाखान्यात गेल्यावर आपण कोणती गोळी घेतो ते त्याने आधी सांगायचं.