केसांभोवतीचं काळं वलय

मोबाइलच्या खोक्यावर f/1.8 छापलेलं असतं आणि मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगावरही तेच. मग मोठ्या कॅमेऱ्यात बोलणारा माणूस मागच्या धूसर कपाटापासून सुटून दिसतो आणि मोबाइलमध्ये कपाटाला चिकटल्यासारखा का? कारण हा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं खरं नाभीय अंतर साधारण साडेपाच मिलिमीटर, म्हणजे प्रकाशाला आत यायला जेमतेम ३ मिलिमीटरची वाट. ५० मिलिमीटरच्या भिंगात ती २८ मिलिमीटर होते. जाहिरातीतल्या ‘सिनेमॅटिक’ या शब्दाने छिद्र मोठं होत नाही. मोबाइलच्या चित्रात मागच्या कपाटाचा तो धूसरपणा नंतर गणितानेच आणावा लागतो.

किती आणायचा, हे डोळ्यांनी ठरवू नका. समजा, बोलणारा कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि पुस्तकांचं कपाट ४ मीटरवर. कपाटावरच्या एका बिंदूतून निघालेला प्रकाश शंकूसारखा पसरत भिंगाच्या छिद्रापर्यंत येतो. माणसापाशी पोचेपर्यंत त्याने चारपैकी तीन मीटर कापलेले असतात, म्हणून तिथे शंकूची रुंदी छिद्राच्या तीन चतुर्थांश असते. २८ मिलिमीटरच्या छिद्रासाठी ती २१ मिलिमीटर. बिंदूची चित्रात जी चकती होते, ती एवढीच, माणसाच्या मापात मोजलेली. चेहरा १५ सेंटिमीटर रुंद आणि चित्रात २०० पिक्सेल असेल, तर चकती २८ पिक्सेलची. लेन्स ब्लरमध्ये त्रिज्या १४ ठेवा. गॉसियन ब्लरच असेल तर सिग्मा ७. मोबाइलच्या स्वतःच्या भिंगाने याच जागी फक्त ३ पिक्सेलची चकती दिली असती.

आता खरी गंमत. बहुतेक जण अख्ख्या चित्राची प्रत धूसर करतात आणि तिच्यावर मास्कने कापलेला माणूस ठेवतात. क्रीम रंगाच्या भिंतीपुढे काळे केस असतील, तर डोक्याभोवती मळकट वलय उमटतं. ब्लर म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी, आणि धूसर केलेल्या प्रतीत माणूस अजून तसाच आहे; त्याच्या केसांचा काळा रंग १४ पिक्सेलपर्यंत भिंतीवर सांडतो. खऱ्या भिंगात असं होत नाही. माणूस फोकसमध्ये असतो, त्यामुळे त्याचा रंग कडेबाहेर पसरतच नाही. वलय दिसलं की लोक मास्कची कड मऊ करत बसतात, आणि वलय फक्त अधिक रुंद होतं.

उपाय असा, की सरासरी काढताना माणसाचे पिक्सेल धरायचेच नाहीत. `I` म्हणजे चित्र. `M` म्हणजे मास्क, माणसावर १ आणि बाहेर ०. `N` म्हणजे तोच मास्क ३ पिक्सेल फुगवलेला:

```
B   = blur(I*(1-N)) / blur(1-N)
out = I*M + B*(1-M)
```

माणूस काळा करून ब्लर केलं की कडेजवळची भिंत काळवंडते. जेवढी भिंत मोजणीत आली, तेवढ्याने भागलं की ती मूळ उजेडावर परत येते. मास्क दोन का? कडेवरच्या पिक्सेलांत केस आणि भिंत दोन्ही मिसळलेले असतात. ते मोजणीतून वगळायला फुगवलेला मास्क आणि माणूस कापायला घट्ट मास्क. माणसाच्या अगदी आत भाजक शून्य होतो, म्हणून त्यात 0.001 मिळवा; तिथलं उत्तर तसंही झाकलं जातं. हे आठ बिटांत केलं तर कडेजवळ पट्टे पडतात, सोळा बिट घ्या.

गणित नको असेल तर शूटिंगच्या वेळीच सोय करा. मोबाइल स्टँडवर, फोकस आणि एक्स्पोजर लॉक, आणि माणूस बसण्याआधी रिकाम्या खोलीचे पाच सेकंद. नंतर ते रिकामं चित्र धूसर करून त्यावर माणूस ठेवायचा. यात खांद्याआड लपलेला दिवाही धूसर होऊन कडेबाहेर डोकावतो, जसा खऱ्या भिंगात डोकावला असता. वरच्या सूत्राला तो कधीच सापडत नाही. मात्र पंख्याने पडदा हलत असेल किंवा माणसाची सावली भिंतीवर पडत असेल, तर ही युक्ती उघडी पडते.

सुट्या केसांपुढे दोन्ही रीती थकतात. एका बटेच्या पिक्सेलात भिंतीचा स्पष्ट तुकडा अडकलेला असतो आणि तो माणसाबरोबर कापून येतो. त्रिज्या १४ वरून ८ वर आणली की तो कमी खुपतो. कोपर आणि कंबर यांमधली फट मास्कमध्ये राहिली, तर तेवढ्यात मात्र कपाट लख्ख दिसतं. आधी तीच तपासा.

आणि हे सगळं जमूनही माणूस कात्रणासारखा वाटला, तर कारण बहुधा दाणे असतात. ब्लरने मागचा नॉइज पुसला गेला, माणसावरचा राहिला. धूसर थरावर तेवढेच बारीक दाणे परत टाका, दर फ्रेमला बदलणारे. एकच नमुना गोठवला तर काचेवर धूळ बसल्यासारखं दिसतं.