मोडीतील जमीन नोंद न्यायालयात दाखल करताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तहसील कचेरीतून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या फेरफाराची, कडईपत्रकाची नक्कल हाती येते आणि तीत एक अक्षरही ओळखीचे वाटत नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक याच टप्प्यावर आलेले असतात. कागद मोडीत असतो, वकिलांना तो आठ दिवसांत हवा असतो आणि घरातले थोरले म्हणत असतात, "यात आपल्या आजोबांचं नाव आहे, नीट वाचून घ्या." हे वाचन आम्ही कसे करतो आणि त्यासाठी तुमच्याकडून काय लागते, ते इथे सांगतो.

आमचे काम दोन टप्प्यांत होते. आधी मोडीतून देवनागरीत लिप्यंतर होते. यात भाषा तीच राहते, फक्त लिपी बदलते. त्यानंतर देवनागरीवरून इंग्रजी भाषांतर होते. तालुका-जिल्हा न्यायालयांत मराठी चालते, त्यामुळे तिथे बहुधा देवनागरी प्रत पुरते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले की इंग्रजीही लागते. मोडीवरून थेट इंग्रजी करून द्या, असे कुणी म्हटले तर आम्ही नाही म्हणतो. मधली देवनागरी नसेल तर चूक वाचनातली की भाषांतरातली, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

मोडी वाचताना घोटाळा कुठे होतो

मोडीत शिरोरेघ आधी आखली जाते आणि खाली अक्षरे सलग लिहिली जातात. दोन शब्दांत जागा नसते, स्वल्पविराम नसतो, पूर्णविराम नसतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. घाईत मात्रा राहून गेली की गेणूचा गणू होतो. अक्षरे ओळखणे महिन्याभरात जमते; शब्द कुठे तोडायचा हे कळायला वर्षे जातात.

आमच्याकडे आलेले एक काम पाहा (नावे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे). पुणे जिल्ह्यातल्या एका गावची १९२० नंतरची वारसाची फेरफार नोंद होती, क्षेत्र तीन एकर बारा गुंठे. नोंदीत धोंडी बिन राघू मयत झाल्याचे लिहून पुढे वारसांच्या जागी एका दमात लिहिले होते, "हरीबाळामहादू". ग्राहक महादूचे नातू. समोरच्या पक्षाने आधीच एक देवनागरी प्रत दाखल केली होती. तीत "हरी बाळा महादू" असे छापले होते आणि इंग्रजीत तो एकच माणूस झाला होता. म्हणजे वारस एक, आणि महादूची शाखा कागदावरून नाहीशी.

आम्ही त्या तीन शब्दांवर वाद घातला नाही, आख्खे पान वाचले. लिहिणाऱ्या तलाठ्याची सवय अशी दिसली की बापाचे नाव द्यायचे तिथे तो न चुकता "बिन" लिहितो. या तीन नावांत कुठेच बिन नाही. शिवाय हरी हा धोंडीचा मुलगा असेल, तर त्याच्या नावामागे बाळा येण्याचे कारणच नाही. खाली हिश्शाची ओळ होती: "दर असामीस पाच आणे चार पै". सोळा आण्यांचे तीन समान भाग केले की प्रत्येकी नेमके पाच आणे चार पै येतात. एकच वारस असता तर सोळा आणे लिहिले असते, दोघे असते तर आठ-आठ. शेवटी सहीच्या जागी नांगराच्या निशाण्या होत्या, त्याही तीन. समोरच्यांच्या प्रतीत निशाण्यांचा उल्लेखच नव्हता, कारण झेरॉक्स काढताना पानाचा खालचा भाग कापला गेला होता.

आमच्या प्रतीत आम्ही तीन नावे सुटी लिहिली, "मुळात अक्षरे सलग" अशी तळटीप दिली आणि वरची सगळी कारणे वेगळ्या कागदावर मांडली. ती पटवून घ्यायची की नाही, हे न्यायालय ठरवते.

इंग्रजी करताना

जुन्या नोंदीतले काही शब्द दिसतात साधे, पण भाषांतरात दगा देतात. "मजकूर" म्हणजे वर सांगितलेला. "पाटील मजकूर" म्हणजे वर उल्लेख आलेला तोच पाटील. एका दाखल केलेल्या भाषांतरात तो "मिस्टर मजकूर" झालेला आम्ही पाहिला आहे! "कोम" म्हणजे अमक्याची बायको. ते कुणी आडनाव समजून तसेच ठेवले, तर विधवेचा हक्क कुणाकडून आला हेच कळत नाही.

आकड्यांचेही तसेच. "३।=" म्हणजे तीन रुपये सहा आणे: उभा एक दंड चार आण्यांचा, आडव्या दोन रेघा दोन आण्यांच्या. टंकलेखकाने दंडाचा एक केला की आकार एकतीस रुपये होतो. म्हणून रकमा आम्ही आकड्यात आणि अक्षरी अशा दोन्ही देतो. एकर-गुंठ्यांचे हेक्टर मात्र भाषांतराच्या मजकुरात करत नाही, तळटिपेत करतो. मूळ कागदात जे नाही ते भाषांतरातही नसावे. त्याच कारणाने शुद्धलेखन सुधारत नाही, संक्षेप उलगडलेली अक्षरे चौकटी कंसात ठेवतो आणि जे वाचता आले नाही तिथे "अवाच्य" असे लिहितो. अंदाजाने जागा भरून द्या, असा आग्रह कृपया धरू नका.

तुम्ही काय आणावे

कार्यालयाचा शिक्का आणि सही असलेली नक्कल आणा. मोबाइलवर आलेल्या फोटोवरून आम्ही न्यायालयासाठी प्रत करत नाही. पान चारही कडांसह, समासातल्या शेऱ्यांसह आणि पाठीमागे मजकूर असेल तर त्यासह हवे. जमल्यास त्याच वहीतली आधीची आणि नंतरची एक-दोन पाने मागून घ्या. त्यांचा तुमच्या दाव्याशी संबंध नसेना का, एकाच हाताचे वळण चार ठिकाणी दिसले की पाचव्या ठिकाणचे अडलेले अक्षर सुटते. नक्कल लॅमिनेट करू नका, शाईपेनाने खुणाही करू नका.

घरात वंशावळ असेल तर ती आणा, पण आमचे पहिले वाचन होईपर्यंत दाखवू नका. नाव आधी कळले की डोळ्यांना तेच दिसू लागते. पहिले वाचन झाल्यावर दोन्ही ताडून पाहतो आणि फरक निघाला तर तुम्हाला सांगतो. तुमच्या सोयीसाठी प्रत मात्र बदलत नाही.

तुम्हाला तीन गोष्टी मिळतात: ओळींना क्रमांक दिलेली देवनागरी प्रत, त्याच क्रमांकांची इंग्रजी प्रत आणि वाचकाचे प्रतिज्ञापत्र. वाचन करणारी आणि प्रतिज्ञापत्रावर सही करणारी व्यक्ती एकच असते, कारण उलटतपासणीला बोलावले तर तिलाच पिंजऱ्यात उभे राहून "हा बिन आहे, हे कशावरून?" याचे उत्तर द्यावे लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचून देणारे पुष्कळ झाले आहेत. काम कुणालाही द्या, पण साक्षीला येणार का, हे आधी विचारून घ्या.

फेरफार नोंद ही मुळात महसुलासाठी असते. ती उत्तम वाचून दिली तरी तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. खरेदीखत, वाटणीपत्र असे काही मोडीत असेल तर तेही सोबत आणा. एका नोंदीच्या दोन्ही प्रतींना साधारण चार दिवस लागतात, शाई फुटलेली किंवा कसर लागलेली असेल तर जास्त. आकारणी मूळ पानावर होते आणि अवाच्य भागाचे पैसे आम्ही घेत नाही.