अनेकार्थी शब्द आणि संदर्भ

एकाच शब्दाला एकाहून अधिक अर्थ असणे आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे आजूबाजूच्या शब्दांवरून व प्रसंगावरून ठरणे, हा सर्व भाषांमधला नित्याचा व्यवहार आहे. बहुतेक अनेकार्थी शब्द आपण अडखळल्याशिवाय ऐकतो, आणि त्यांना दुसरा अर्थ आहे हे लक्षातही येत नाही. सर्वांत जास्त वापरातल्या, साध्या दिसणाऱ्या शब्दांनाच सर्वांत जास्त अर्थ असतात. इंग्रजीत ‘सेट’ आणि ‘रन’ ही क्रियापदे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मराठीत हा मान ‘लागणे’, ‘येणे’, ‘बसणे’, ‘मारणे’, ‘काढणे’ अशा क्रियापदांकडे जातो. या नोंदीत मुख्यतः ‘लागणे’ घेतले आहे.

अनेकार्थी शब्दांचे दोन प्रकार मानतात. ‘हार’ म्हणजे गळ्यातला आणि ‘हार’ म्हणजे पराभव, यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन निराळे शब्द योगायोगाने सारखे झाले आहेत. ‘पान’ मात्र झाडाचे, पुस्तकाचे, विड्याचे आणि पंगतीत वाढलेले असे पसरत गेले आहे, आणि एका अर्थातून दुसरा कसा निघाला हे दिसते. पहिल्या प्रकाराला शब्दकोशात दोन स्वतंत्र नोंदी मिळतात, दुसऱ्याला एकाच नोंदीत क्रमांक मिळतात. ही वाटणी वाटते तितकी पक्की नाही. इंग्रजीतला नदीकाठ या अर्थाचा ‘बँक’ स्कँडिनेव्हियन भाषांकडून आला आणि पैशाची ‘बँक’ सराफाच्या बाकाला इटालियनमध्ये ‘बांका’ म्हणत त्यावरून आली, म्हणून कोशांत त्या दोन नोंदी असतात. पण आणखी मागे गेले तर दोन्ही वाटा एकाच जर्मानिक शब्दकुळाशी पोचतात. मराठीने यांतली फक्त पैशाची बँक उसनी घेतली. त्यामुळे मराठी बोलणाऱ्याला ‘बँकेजवळ उभा आहे’ या वाक्यात नदी दिसत नाही. शब्द उसना घेताना त्याचे सगळे अर्थ सोबत येतातच असे नाही.

‘लागणे’चे अर्थ मोजू पाहिले की पहिली अडचण येते ती ‘एक अर्थ’ कशाला म्हणायचे ही. भूक लागते, ठेच लागते, घराला आग लागते, झाडाला आंबे लागतात, निकाल लागतो, फोन लागतो, लग्न लागते, वाटेत गाव लागते, भाजी खारट लागते, तो माझा मामा लागतो. हे दहा अर्थ, की ‘स्पर्श होणे, जोडले जाणे’ या एकाच अर्थाच्या दहा छटा? यासाठी एक चाचणी वापरता येते: दोन प्रयोग एकाच क्रियापदावर टांगून पाहायचे. ‘मला भूक आणि तहान लागली’ हे सहज चालते, कारण दोन्हीकडे ‘लागणे’ एकाच अर्थाने आहे. ‘मला भूक आणि ठेच लागली’ म्हटले की कानाला खटकते. खटकते तिथे अर्थाची सीमा आहे असे धरावे. चाचणी निर्दोष नाही, ‘फोन आणि निकाल एकदमच लागला’ हे कुणाला चालेल, कुणाला नाही. म्हणूनच दोन चांगल्या कोशांत एकाच शब्दाच्या अर्थांची संख्या क्वचितच जुळते.

आता एक वाक्य जवळून पाहू: ‘मला गाडी लागते.’ एवढ्यावरून बोलणाऱ्याला प्रवासात मळमळते की त्याला वाहनाची गरज आहे, हे सांगता येत नाही. ‘मला घाटात गाडी लागते’ म्हटले की मळमळ. ‘मला कामावर जायला गाडी लागते’ म्हटले की गरज. ‘मला दोन गाड्या लागतात’ यातही गरजच, कारण मळमळीच्या अर्थात ‘गाडी’ला संख्या जोडत नाहीत. एसटी स्थानकावर कुणी ‘पुण्याची गाडी लागली का?’ विचारले तर दोन्ही अर्थ बाजूला पडतात आणि गाडी फलाटावर येऊन उभी राहिली का, एवढाच प्रश्न उरतो. ‘मला’ नाही आणि ‘पुण्याची’ आहे, यावरून ते ठरते. ‘गाडी खांबाला लागली’ यात ‘ला’ आहे, पण तो निर्जीव वस्तूला जोडलेला असल्याने धक्का बसला हा अर्थ निघतो.

शेजारचा शब्दही अनेकार्थी असला तर दोघे एकमेकांचा अर्थ ठरवतात. ‘आजोबांना गोळी लागली’ ऐकताच बंदूक समोर येते. ‘आजोबांना गोळी लागते’ म्हटले की औषध, कारण बंदुकीची गोळी कुणाला नेमाने लागत नाही. फक्त काळ बदलला आणि ‘गोळी’ व ‘लागणे’ या दोघांचेही अर्थ एकदम बदलले. पण ‘काल आजोबांना झोपायला गोळी लागली’ यात भूतकाळ असूनही औषधच आहे, कारण ‘झोपायला’ हा हेतू सांगणारा शब्द गरजेचा अर्थ ओढून आणतो. आणि ‘गोळी लागू पडली’ म्हणजे गुण आला. ही चारही वाक्ये घराघरांत बोलली जातात आणि कुणी गोंधळत नाही.

‘लागणे’ दुसऱ्या क्रियापदाला चिकटते तेव्हा निवड अर्थापेक्षा व्याकरणावर अवलंबून राहते. ‘तो बोलू लागला’ म्हणजे सुरुवात, ‘त्याला बोलावे लागले’ म्हणजे सक्ती. इथे ‘बोलू’ आणि ‘बोलावे’ ही रूपेच फरक सांगतात. रोजच्या बोलण्यात मात्र दोन्हीकडे ‘बोलायला’ येते: ‘तो बोलायला लागला’ आणि ‘त्याला बोलायला लागलं’. रूपातला फरक पुसला गेला, तेव्हा सगळा भार ‘तो’ की ‘त्याला’ यावर आला. मराठी शिकणाऱ्याला हा नियम सांगितला की तो लगेच एका वाक्यावर अडतो: ‘मला हे गाणं आवडायला लागलं.’ इथे ‘मला’ आहे, पण सक्ती नाही, सुरुवात आहे. कारण ‘आवडणे’ या क्रियापदाला स्वतःलाच ‘मला’ हवे असते. तो ‘ला’ ‘लागणे’ने आणलेला नाही. ‘समजायला लागलं’, ‘दिसायला लागलं’ यांचेही तसेच. म्हणजे खूण नुसती दिसून भागत नाही, ती कुणाची आहे हेही ऐकणाऱ्याला ओळखावे लागते.

संदर्भ म्हणजे नेमके काय, याची मांडणी भारतीय व्याकरणशास्त्रात फार जुनी आहे. सुमारे पाचव्या शतकातील भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’च्या दुसऱ्या कांडात शब्दाचा अर्थ निश्चित नसेल तेव्हा विशिष्ट अर्थाची आठवण करून देणारी चौदा कारणे दिली आहेत आणि शेवटी ‘आदि’ म्हणून यादी मोकळी ठेवली आहे. पुढे अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ती उदाहरणांसह घेतली. ‘हरी’ म्हणजे विष्णू, सिंह, माकड, इंद्र. पण ‘शंखचक्रासह हरी’ म्हटले की विष्णूच, हा संयोग. ‘मधूने मत्त झालेला कोकिळ’ यात मधू म्हणजे वसंत, कारण कोकिळाला मत्त करण्याची शक्ती त्याच्यातच आहे, हे सामर्थ्य. ‘चित्रभानू तळपतो’ हे दिवसा म्हटले तर सूर्य, रात्री म्हटले तर अग्नी, हा काळ. सैंधवाचे उदाहरण तर सर्वांत परिचित आहे: जेवताना ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणायचे, निघताना म्हटले तर घोडा. याला प्रकरण म्हणतात.

या यादीतील ‘व्यक्ती’ हे कारण मराठीत अतिशय जोमाने काम करते. व्यक्ती म्हणजे इथे शब्दाचे व्याकरणातले लिंग. (यादीत ‘लिंग’ हेही एक कारण आहे, पण तिथे त्याचा अर्थ ओळखीची खूण असा आहे.) ‘माझा मान’ आणि ‘माझी मान’, ‘माळावर फिरलो तो माळ’ आणि ‘गळ्यात घातली ती माळ’, ‘हार झाली’ आणि ‘हार घातला’, यांत प्रत्यय किंवा विशेषण कानी पडताच निवड झालेली असते. ‘वेळ’ तर अधिक सूक्ष्म आहे: ‘वेळ झाला’ म्हणजे उशीर, ‘वेळ झाली’ म्हणजे ठरलेली घटिका आली. ज्यांच्या घरात मराठीबरोबर दुसऱ्या भाषेचा वावर आहे त्यांच्या बोलण्यात लिंगभेद सैल झाला की पहिली पडझड अशा जोड्यांत दिसते.

ऐकताना डोक्यात काय घडते, यावर डेव्हिड स्विनी यांचा १९७९ चा प्रयोग मैलाचा दगड मानला जातो. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा आणि चोरून ऐकण्याचे यंत्रही. लोकांना कोळी, झुरळे आणि इतर ‘बग’ सापडल्याचे वाक्य ऐकवले आणि त्याच क्षणी पडद्यावर अक्षरे दाखवून तो खरा शब्द आहे का ते विचारले. ‘मुंगी’ या अर्थाचा शब्द लोकांनी पटकन ओळखला, पण ‘हेर’ या अर्थाचाही तितकाच पटकन ओळखला. वाक्यात तर हेरांचा मागमूस नव्हता. तोच प्रश्न तीन अक्षरावयव, म्हणजे सिलॅबल, पुढे गेल्यावर विचारला तेव्हा फक्त ‘मुंगी’ लवकर ओळखली गेली. म्हणजे चुकीचा अर्थही क्षणभर जागा होतो आणि सेकंदाच्या आत संदर्भ त्याला बाजूला सारतो. एक अर्थ दुसऱ्यापेक्षा बराच प्रचलित असेल तर काय होते, यावर नंतरच्या संशोधनात मतभेद आहेत. प्रचलित अर्थ आधी पोचतो आणि दुर्मीळ अर्थाला वाक्याचा जोर लागतो, हे मात्र वारंवार दिसले आहे.

संदर्भ अपुरा पडतो तो बहुधा मजकूर तोकडा असतो तेव्हा. चिठ्ठी, बातमीचा मथळा, मोबाइलवरचा दोन शब्दांचा निरोप यांत प्रकरण, ठिकाण, काळ हे सगळे लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतात, वाचणाऱ्यापाशी नसतात. सहलीच्या नावनोंदणीत कुणी ‘आईला गाडी लागते’ एवढेच लिहिले तर नोंद घेणारा पुढची खिडकीजवळची जागा राखून ठेवील किंवा स्थानकापासून वाहनाची सोय करील. दोन्ही वाचने व्याकरणाने निर्दोष आहेत, आणि चूक झाल्याचे कळते ते प्रवासाच्या दिवशीच. अशा वेळी एक शब्द वाढवणे पुरते: ‘प्रवासात’ किंवा ‘यायला’.

याउलट कवी दोन अर्थ मुद्दाम उभे ठेवतो. दोन्ही अर्थ सारख्याच हक्काने हवे असतील तर तो श्लेष. पण मम्मटाने आणखी एक स्थिती वेगळी काढली आहे: प्रकरणाने एक अर्थ पक्का झालेला असतो, तरी दुसरा कानात वाजत राहतो. तो वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, नसतो, कारण वाच्यार्थ ठरून गेलेला आहे. म्हणून त्याला मम्मट व्यंजनेचे, म्हणजे शब्दाच्या सुचवण्याच्या शक्तीचे, काम मानतो. त्याने दिलेल्या श्लोकात राजाचे वर्णन आहे, त्याचा ‘कर’ ‘दाना’च्या पाण्याने सदा भिजलेला. प्रकरण राजाचे असल्याने कर म्हणजे हात आणि दान म्हणजे दिलेले दान. पण ‘कर’ म्हणजे सोंडही आणि ‘दान’ म्हणजे हत्तीचा मदही, त्यामुळे राजाच्या मागे एक भव्य हत्ती दिसू लागतो.