अनुवादातली काळदुरुस्ती (मराठी कथा, इंग्रजी मसुदा)

मराठी कथा इंग्रजीत नेली की कच्च्या मसुद्यात सगळ्यात जास्त काय खटकत असेल तर ते ‘हॅड’, जिकडेतिकडे हॅड. हे वेचून काढणं म्हणजेच निम्मी काळदुरुस्ती. चूक होते कारण आपलं ‘होता-होते’ एकटं तीन कामं करतं आणि अनुवादक तिन्हीकडे एकच इंग्रजी रूप चिकटवतो.

समजा पुण्यातल्या एका वाड्यावरची कथा आहे. ‘अण्णा ओट्यावर बसले होते. डोक्याला टोपी घातली होती. सकाळीच मंडईत जाऊन आले होते.’ मसुद्यात येतं ‘अण्णा हॅड सॅट’, ‘हॅड वोर्न अ कॅप’. पण इथे बसण्याची क्रिया आधी कधीतरी होऊन गेली असं म्हणायचंच नाहीये, अण्णा आत्ता समोर बसलेले दिसतायत, म्हणून ‘वॉज सिटिंग’ आणि ‘वॉज वेअरिंग’. तिसऱ्या वाक्यातला हॅड मात्र खरा, कारण मंडईची फेरी या बसण्याच्या आधी झालीये, तिथे ‘हॅड बीन टू मंडई’ बरोबर.

आता काकू म्हणतात, ‘मी काल मंडईत गेले होते.’ याचं ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ केलं की वाचणारा पुढच्या घटनेची वाट बघत बसतो, आणि ती येतच नाही. मराठीत जाऊन परत आलो हे सांगायला आपण ‘गेले होते’ म्हणतो, नुसतं ‘काल गेले’ अर्धवट वाटतं. इंग्रजीत साधं ‘आय वेंट’ पुरतं.

तपासायची रीत सोपी आहे, प्रत्येक हॅडला विचारायचं, कशाच्या आधी? उत्तर मिळालं तर ठेवा, नाही मिळालं तर मूळ मराठी उघडा. मूळ न बघता नुसतं इंग्रजी घासणारे इथेच फसतात, कारण ‘हॅड सॅट’च्या मागे ‘बसले होते’ आहे की ‘बसून गेले होते’ हे इंग्रजीवरून कळत नाही. लांबलचक आठवण असेल तर सुरुवातीला एकदोन हॅड देऊन पुढे साध्या भूतकाळात उतरायचं, पानभर हॅड कोणी वाचत नाही.

‘ऊन’ची माळ हा असाच दुसरा त्रास. ‘उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन ते निघाले’ याचं ‘हॅविंग रिझन, हॅविंग वॉश्ड’ केलं तर अण्णा कोर्टात जबानी देतायत असं वाटतं. ‘ही गॉट अप, वॉश्ड, ड्रँक हिज टी अँड लेफ्ट’ एवढंच हवं.

एक अपवाद. कथेतलं पात्र मुळातच इंग्रजी बोलत असेल तर त्याचं ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ तसंच राहू द्यावं, आपल्याकडे खरंच तसं बोलतात. पण काकू मराठीत बोलतायत आणि चांगलं बोलतायत, त्यांच्या तोंडी चुकीचं इंग्रजी घालून ‘गावचा बाज’ आणणं मला तरी पटत नाही.